टीव्हीवरचा कोड फोनमध्ये टाकेपर्यंत संपतो: तुमचे अनुभव लिहा

माजघर
काल शेजारच्या आजींच्या नव्या टीव्हीवर तोच पडदा दिसला आणि जुनी धावपळ आठवली. टीव्हीवर आठ अक्षरं, फोनवर पासवर्ड, मग ओटीपी, आणि शेवटी ‘कोडची मुदत संपली’. मुदत मोजायला सुरुवात होते ती अक्षरं पडद्यावर उमटल्यापासून. कोड टाकायला अर्धं मिनिट पुरतं, सगळा वेळ फोनवरचं लॉगिन खातं. म्हणून क्रम उलटा करा. पहिला कोड जाऊ द्या, पडद्यावरचा फक्त पत्ता उतरवून घ्या. फोनच्या ब्राउझरमध्ये आधी लॉगिन आणि ओटीपी उरका, कोडची रिकामी चौकट समोर आली की मगच टीव्हीवर नवा कोड मागवा. तुमच्याकडे काय होतं, लिहा.

दादर_पश्चिम
टीव्हीचं घड्याळ चुकलेलं असतं हो. तारीख-वेळ ऑटोमॅटिक करा, झालं.

सोल्डर
दादर, अर्धं बरोबर. तारीख फारच चुकली असेल तर टीव्हीचं सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही, म्हणजे बहुतेक वेळा कोड दिसतच नाही. कोड दिसून मग संपत असेल तर घड्याळावर वेळ घालवू नका, कारण मुदत सर्व्हर ठरवतो. कोडसोबत टीव्हीला साधारण असं उत्तर येतं:

```
"expires_in": 1800,
"interval": 5
```

म्हणजे कोड १८०० सेकंद चालेल आणि ‘झालं का?’ हे टीव्हीने दर ५ सेकंदांनी विचारायचं. हे आकडे RFC 8628 या २०१९च्या मानकातल्या उदाहरणातले आहेत. प्रत्येक सेवा आपली मुदत ठरवते, काही फार कमी देतात.

निंबोणी
आमच्याकडे फोनवर ‘यशस्वी’ येतं पण टीव्ही तिथेच ढिम्म. कुकर लावलाय, नंतर वाचते.

सोल्डर
निंबोणीताई, तुमचा प्रकार वेगळा. ‘मुदत संपली’ म्हणजे उशीर झाला. ‘कोड चुकीचा’ म्हणजे अक्षर चुकलं, किंवा मधल्या वेळात टीव्हीने नवा कोड दाखवला. फोनवर ‘यशस्वी’ आणि टीव्ही गप्प, म्हणजे टीव्हीने त्या कोडबद्दल विचारणंच थांबवलंय. ओटीपी येईपर्यंत कुणी होम बटण दाबलं किंवा स्क्रीनसेव्हर आला, अ‍ॅप पुन्हा उघडलं, की नवा कोड येतो. फोनवर मंजूर झाला तो जुना, टीव्ही वाट बघतोय नव्याची. दोन्ही पडद्यांवरची अक्षरं ताडून बघा. तीच असतील तर पाच-दहा सेकंद थांबा, रिमोटला हात लावू नका.

पागडीवाला
फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत ना? आमच्या चाळीत वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

माजघर
पागडीवाले, कोड टाकायचा असेल तर गरज नाही. फोन मोबाइल डेटावर चालतो, दुसऱ्या गावात असला तरी चालतो. एकच वायफाय लागतं ते ‘जवळच्या फोनने साइन इन करा’ या पर्यायाला.

विरार_फास्ट
म्हणूनच गाडीतून घरच्यांचा टीव्ही चालू करून देता येतो. पण फोनवर ऐकताना बी, डी, पी, टी, व्ही सगळी सारखीच वाटतात. बऱ्याच कोडांत स्वर नसतात, त्यामुळे शब्द जुळत नाही आणि अंदाजही बांधता येत नाही. आईला स्टेशनं सांगायला लावा: बोरिवलीचा बी, दादरचा डी, परळचा पी, ठाण्याचा टी, विरारचा व्ही, वडाळ्याचा डब्ल्यू. चार अक्षरं झाली की थांबून परत म्हणून घ्यायची. मधली रेघ बहुधा टाकावी लागत नाही. पडद्याचा फोटो मागवला तर आणखी सोपं.

सायन_कोळीवाडा
फोटो घरच्यांकडूनच घ्या. अनोळखी माणसाने पाठवलेला कोड कधीही टाकू नका, त्याच्या यंत्रावर तुमचं खातं उघडतं.

निंबोणी
कुकर झाला. अक्षरं खरंच वेगळी होती! मुलाने मध्ये कार्टून लावलं होतं. विरार, स्टेशनांची यादी सासूबाईंना पाठवतेय. एक्स आणि क्यूला काय म्हणायचं?

दादर_पश्चिम
क्यूआर असेल तर तोच स्कॅन करा, त्यात बरेचदा पत्त्यासोबत कोडही असतो.

पागडीवाला
स्कॅन केलं. पण मेसेजच्या अ‍ॅपमध्येच पान उघडलं आणि परत पासवर्ड मागतंय.

सोल्डर
ते त्या अ‍ॅपच्या आतलं ब्राउझर, तिथे तुमचं लॉगिन नाही. तीन टिंबांवर टिचकी मारून नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा. स्कॅनही फोनच्या कॅमेऱ्यातूनच करत चला.

पागडीवाला
केलं. आता कोड दोन मिनिटांत बदलतोय, मी काहीच दाबलेलं नसताना.

सोल्डर
त्या सेवेची मुदतच तेवढी, की नेट तुटून अ‍ॅप पुन्हा सुरू होतंय, इथून सांगता येणार नाही. फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला देऊन बघा. कोड टिकला तर दोष तुमच्या वायफायचा.

पागडीवाला
मोबाइलचा डेटा संपलाय आज. उद्या रात्री बघतो, इथेच लिहितो.