मदत हवी आहे: ग्रॅनोडायोराइट की क्वार्ट्झ मॉन्झोडायोराइट?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बीएस्सीचं प्रॅक्टिकल घेते. आपला बेसाल्ट फारच बारीक कणांचा, म्हणून बाहेरचा भरड कणांचा दगड दिला: क्वार्ट्झ १८, अल्कली फेल्डस्पार १२, प्लॅजिओक्लेज ४५, काळी खनिजं २५ टक्के.

मुलं थेट १८ धरून क्वार्ट्झ मॉन्झोडायोराइट म्हणतात. पण काळी खनिजं वगळून उरलेले ७५ हेच शंभर धरले की क्वार्ट्झ २४ होतो, २० ची सीमा ओलांडतो. एकूण फेल्डस्पारमध्ये प्लॅजिओक्लेज ७९ टक्के, म्हणजे ग्रॅनोडायोराइट. (हेच कण बारीक असते तर डेसाइट.)

अडचण पुढे आहे. थिन सेक्शनवर ३०० बिंदू मोजले तरी क्वार्ट्झमध्ये पाच-सहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, आणि नावच बदलतं. तुम्ही वर्गात किती बिंदू मोजून घेता? सीमेजवळच्या दगडाचं नाव मुलांनी कसं लिहावं?