गच्चीवरच्या भाजीचा खर्च: तुमचे आकडे सांगा

शेवंती
कोथरूडला चौथ्या मजल्यावर गच्ची मिळाली आहे, ऊन भरपूर. वीसेक ग्रो बॅगांत भाजी लावायची आहे. रोपवाटिकेतला माणूस म्हणतो पाच हजारांत होईल, नवरा म्हणतो दहा धर. ज्यांनी लावली आहे त्यांनी लिहा, पैसे नेमके कशावर गेले?

गावठी टोमॅटो
हिशेब पिशव्यांपासून नाही, लिटरपासून सुरू करा. बारा बाय बारा इंचाची पिशवी काठोकाठ भरली तर २२ लिटर घेते. वर दोन इंच पाण्यासाठी सोडले की १८. वीस पिशव्यांचे ३६० लिटर. पण पहिल्या काही पाण्यांतच मिश्रण खाली बसतं, म्हणून ४०० धरा.

मी माती, कोकोपीट आणि गांडूळखत साधारण सारखं घेतो. दिवाळीनंतर पुण्यात मला पडलेले भाव असे. मातीची पाच पोती ६००. कोकोपीटच्या पाच किलोच्या दोन विटा ४००. भिजून फुगली की एकेक साठ-सत्तर लिटर होते. गांडूळखत ८० किलो, १६००. टेम्पो आणि जिन्याची हमाली ५००. म्हणजे नुसतं भरायलाच ३१००. त्यापुढे पिशव्यांचे हजार आणि आठ पाकिटं बियाण्यांचे ३२० किरकोळच. एकूण ४४२०. रोपवाटिकेतून भरून आणलेली तयार पोती घेतलीत तर नवऱ्याचा आकडा खरा ठरेल.

दुसऱ्या वर्षी फक्त वरून खत आणि बियाणं, सातशे-आठशेत भागतं. मात्र पिशवी जाड एचडीपीईचीच घ्या. पातळ काळी पिशवी एका उन्हाळ्यात कानाशी फाटते.

बाल्कनीवाली, ठाणे
माती हवीच कशाला? मी सगळं कोकोपीटमध्ये लावते. हलकं, स्वच्छ, हमाली नाही, खर्च निम्मा.

गावठी टोमॅटो
हलकं, हे अगदी खरं. पण कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं. दर आठवड्याला विरघळणारं खत घालत असाल ना? ते वर्षाचं जोडून बघा. आणि वीट स्वस्त मिळाली असेल तर दोन-तीनदा धुऊन घ्या. खारट असली तर मेथीच्या पानांच्या कडा करपतात.

बाल्कनीवाली, ठाणे
खत घालते, हो. त्याचा हिशेब कधी ठेवला नाही. पण वांगी लागतात!

चिपाडवाला
आमच्याकडे निम्म्याहून जास्त भरण फुकट आहे. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचं चिपाड आणायचं, वाळवून तळाशी दाबायचं, त्यावर सोसायटीच्या झाडलोटीतला पालापाचोळा, आणि वरचे सहा इंच माती-शेणखत. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तीन महिन्यांत पिशवी जवळजवळ निम्मी खाली बसते, पुन्हा भरावी लागते. आणि चिपाड कुजताना नत्र ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला खालची पानं आधी पिवळी पडतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. तेव्हा शेणाची स्लरी द्यायची. पहिल्या फेरीला पालेभाजीच लावा, मिरची-टोमॅटो नंतर.

प्राजक्त
माझ्या गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात. कोकोपीटमुळे असेल का? कुंडी मातीची आहे, १२० रुपयांची.

रत्नागिरीकर
आमच्याकडे माती फुकट, शेणखत शेजारच्या गोठ्यातलं. तरी पुण्यापेक्षा जास्त खर्च झाला, कारण वांदर! सांगाडा आणि जाळीचे जवळपास सहा हजार गेले. पावसाळ्यात पाणी घालावं लागत नाही, पण खत वाहून जातं आणि पिशवीच्या तळाची भोकं बुजली तर मुळं कुजतात. बोटाने चाचपून बघावं लागतं.

ताई_इंजिनियर
वजनाचा खर्च कोणी लिहिला नाही. ओलं मिश्रण लिटरला साधारण एक किलो धरा. शेवंतीताईंच्या ४०० लिटरचे ४०० किलो झाले. वापरात असलेल्या गच्चीला संकल्पनात चौरस मीटरला साधारण १५० किलो जादा भार धरलेला असतो. तेव्हा पिशव्या एका कोपऱ्यात खेटून न ठेवता भिंतीच्या कडेने, तुळईच्या रेषेत लावा. खाली विटा किंवा स्टँड हवेतच, नाहीतर पाणी साचून वॉटरप्रूफिंग जातं, आणि ते परत करायचा खर्च इथल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. जुनी इमारत असेल तर आधी कोणाला तरी दाखवा.

शेवंती
इमारत १९९० च्या आसपासची आहे, दाखवून घेते. पाण्याचं काय? सुट्टीत आम्ही नसतो.

गावठी टोमॅटो
एप्रिल-मेमध्ये पिशवीला दिवसाला लिटर-दीड लिटर, म्हणजे वीस पिशव्यांना जास्तीत जास्त दीड-दोन बादल्या. झारीने पुरतं. टायमरवाला ठिबक संच मला दोन हजारांच्या आसपास पडला. पण गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असला तर टोकाच्या पिशव्या कोरड्या राहतात. सुट्टीच्या आधी दोन दिवस लावून बघा.

चिपाडवाला
ठिबकपेक्षा शेजाऱ्यांना मेथीची जुडी द्या, ते घालतील पाणी. आमचे तरी घालतात. कोबी मात्र लावू नका, तीन महिने पिशवी अडवून एकच गड्डा.

बाल्कनीवाली, ठाणे
कोबीबद्दल असहमत. घरचा कोबी खाऊन बघा मग बोला.