अनुभव धागा : पतीच्या सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र लिहून देताना

माझे पती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक होते. ते गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या अर्जासोबत मी वारसांचे प्रतिज्ञापत्र दिले आणि ते दोनदा परत आले. तहसील कचेरीबाहेर टंकलेखन करणाऱ्याने त्याच्याकडचाच तयार मसुदा वापरला होता : "मयताच्या पश्चात मी व दोन मुलगे एवढेच वारस असून याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही." मी न वाचता सही केली. कार्यालयातील लिपिकाने सेवापुस्तकातील कुटुंबाची यादी उघडली, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "बाई, ही मुलगी कोण?" मुलगी लग्न होऊन सासरी गेल्यामुळे तिचे नाव सुटले होते. दुसऱ्या खेपेला तिचे नाव घातले, तर सासूबाई राहिल्या. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आमच्याच घरी असतात. ज्यांनी असे प्रतिज्ञापत्र करून दिले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

निवृत्त लेखा कर्मचारी, सातारा
ताई, आपल्याकडून झालेली चूक मी नोकरीत असंख्य वेळा पाहिली आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सर्व पहिल्या वर्गातील वारस आहेत. मुलीचे लग्न झाल्याने तिचे वारसपण जात नाही. सासरे हयात असते, तरी ते दुसऱ्या वर्गात मोडले असते. अनेक जण वडिलांचे नाव आवर्जून घालतात आणि आईचे विसरतात. मुलगा वडिलांच्या आधी वारला असेल, तर त्याची पत्नी व मुलेही यादीत येतात.

सगळी नावे लिहिली की निवृत्तिवेतनाचे वाटे पडतील, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. कुटुंबनिवृत्तिवेतन सेवानियमांप्रमाणे पत्नीला मिळते आणि ते मयताच्या मालमत्तेत धरले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच तसे स्पष्ट केले आहे. वारसांचा प्रश्न येतो तो मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या न उचललेल्या निवृत्तिवेतनाचा आणि थकलेल्या फरकाचा. यजमान १७ तारखेला वारले असतील, तर त्या महिन्याचे सतरा दिवस त्यांचे आणि अठराव्या दिवसापासून कुटुंबनिवृत्तिवेतन आपले.

एक मुलगा, नाशिक
नामनिर्देशन केलेले असल्यास वारसांची यादी लागतच नाही. आमच्या आईला थकबाकी तिच्या नामनिर्देशनावरच मिळाली.

निवृत्त लेखा कर्मचारी, सातारा
तुमच्या आईला रक्कम मिळाली, हे बरोबर आहे. मात्र नामनिर्देशनामुळे कार्यालयाला पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढेच कळते. त्याने इतर वारसांचा हक्क संपतोच असे नाही. म्हणून कार्यालयाने यादी मागितली, तर ती पूर्णच द्यावी.

एक शेतकरी, लातूर
आमच्याकडे तलाठ्याने वारस नोंद घेतली आणि सातबाऱ्यावर सर्वांची नावे चढली. तोच फेरफार जोडला तर चालणार नाही का?

एक गृहिणी, सोलापूर
दादा, फेरफार जमिनीचा असतो. माझ्याकडून तो घेतला नव्हता. माझी अडचण निराळी होती. आम्ही मुसलमान आहोत, आणि टंकलेखकाने हिंदू कायद्याचाच मसुदा दिल्यामुळे सासऱ्यांचे नाव गळले. आमच्यात मयताचे आई आणि वडील दोघेही वारस असतात. वकिलांनी मसुदा दुरुस्त करून दिला, तेव्हा काम झाले.

एक वाचक, ठाणे
माझ्या पतीची पहिली पत्नी वेगळी राहते, पण त्यांचा घटस्फोट न्यायालयात झालेला नाही. त्या दोघांचा एक मुलगा आहे. त्याचे नाव घालावे लागेल, हे मला कळते. परंतु माझा स्वतःचा उल्लेख मी "पत्नी" असा शपथेवर करू शकते का?

निवृत्त लेखा कर्मचारी, सातारा
तो मुलगा निश्चित वारस आहे. आपल्याबद्दल मात्र मी येथून मत देणार नाही. ही गोष्ट वकिलांना कागदपत्रे दाखवून ठरवावी, आणि तोवर सही करू नये. खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे, आणि सही आपली असते, टंकलेखकाची नव्हे.

धागा सुरू करणारी
तिसऱ्या प्रतिज्ञापत्रात मी पाच नावे घातली : मी, दोन मुलगे, विवाहित मुलगी आणि सासूबाई. प्रत्येकासमोर नाते, वय आणि पत्ता लिहिला. सतरा दिवसांची रक्कम मला देण्यास हरकत नसल्याचे चौघांचे पत्रही जोडले. सासूबाईंनी त्यावर अंगठा उठवला आणि आपल्या मुलाचे नाव कोठे आहे ते दाखव म्हणाल्या. मी त्या ओळीवर त्यांचे बोट नेऊन ठेवले. कागद आता कोषागारात आहेत. ठाण्याच्या ताईंना वकिलांनी काय सांगितले, ते त्यांनी येथे अवश्य कळवावे.