मदत हवी आहे: पहिल्या वेळी लगेच दिवस राहिले, आता दीड वर्ष होत आलं तरी नाही. रिपोर्ट सगळे 'नॉर्मल'

पिंगळवेळ

माझं वय ३६, नवऱ्याचं ३९. मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्या वेळी चान्स घ्यायचं ठरवलं आणि लगेचच दिवस राहिले, त्यामुळे दुसऱ्या वेळी डॉक्टरकडे खेटे घालावे लागतील हे डोक्यातही आलं नव्हतं.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन ठीक. एएमएच १.९ आहे. सोनोग्राफीत अंडं वेळेवर फुटताना दिसलं. एचएसजीमध्ये दोन्ही ट्यूब मोकळ्या. डॉक्टर म्हणाल्या, वयाचा परिणाम असेल, आययूआय सुरू करू. नवऱ्याची तपासणी झालेली नाही. एक मूल आहे म्हटल्यावर ती कुणी सुचवलीच नाही आणि तोही त्यावर खूश आहे.

अजून एक सांगते, संबंध आहे की नाही माहीत नाही. पाळी ३० दिवसांनी येते, चार दिवस नेहमीसारखं जातं आणि मग पुढचा जवळजवळ आठवडा तपकिरी डाग पडत राहतात. बाळंतपणाआधी असं कधीच नव्हतं. विचारलं तर "हार्मोनल असेल" एवढंच उत्तर मिळालं. डिलिव्हरी सिझरने झाली, बराच वेळ कळा देऊन शेवटी तातडीने नेलं होतं.

आययूआय लगेच सुरू करावं, की आधी बघायचं काही राहून गेलंय?

नवीआई_०७

अंगावर पाजतेयस का अजून? मला पाजत होते तोवर पाळीच नीट नव्हती, बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत राहिलं. आधी ते सोडून बघ.

पिंगळवेळ

नाही गं, मुलगी पाच वर्षांची आहे! पाजणं कधीच सुटलं. पाळीही नियमित आहे.

दत्तूकाका

ताई, डाग पडणं म्हणजे प्रोजेस्टेरॉन कमी. आमच्या सुनेला गोळ्या दिल्या आणि डाग थांबले. दुसरं, एएमएच दोनच्या खाली म्हणजे अंडी संपत आली. पस्तिशी उलटल्यावर वेळ घालवू नये, सरळ आयव्हीएफ करा. मिस्टरांची तपासणी काय, सावकाश होईल.

प्रोबवाली

मी सोनोग्राफी करते, रोजचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काका, वेळ घालवू नये हे अगदी बरोबर. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तरी तपासण्या सुरू करतात, इथे तर दीड वर्ष गेलंय. पण बाकीचं तसं नाही. प्रोजेस्टेरॉन कमी पडतं तेव्हा डाग पाळी येण्याआधी पडतात. हिला पाळी झाल्यानंतर पडतायत. आणि ३६ व्या वर्षी एएमएच १.९ म्हणजे काही वाईट नाही. ते आयव्हीएफच्या इंजेक्शनांना किती अंडी मिळतील याचा अंदाज देतं. आपोआप दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही.

पिंगळवेळ, आधी सिझर, त्यातही कळा बऱ्याच पुढे गेल्यावर केलेलं, आणि त्यानंतर सुरू झालेले पाळीनंतरचे तपकिरी डाग. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझं लक्ष आधी पिशवीवरच्या टाक्यांच्या जागेकडे जातं. तिथली भिंत भरून येताना आतल्या बाजूने एक खळगा राहू शकतो, भिंतीतल्या कोनाड्यासारखा. रिपोर्टमध्ये त्याला 'निश' किंवा 'इस्थमोसील' म्हणतात. पाळीचं रक्त त्यात साठतं आणि नंतर हळूहळू झिरपत राहतं, म्हणून ते लाल नसून तपकिरी दिसतं. त्यातलं थोडं उलटं वर पिशवीत शिरलं तर नेमकं गर्भ रुजायच्या दिवसांत आत पाणी असतं. खळग्यात साठलेला चिकट स्राव शुक्रजंतूंनाही अडथळा ठरत असावा असं मानतात.

हे तुझ्या रिपोर्टमध्ये का नाही, तर कुणी शोधलंच नसेल. अंडं बघायला आलेल्या बाईची सोनोग्राफी करताना सगळं लक्ष अंडाशयावर असतं. जुनी फिल्म आणि रिपोर्ट काढ आणि दोन गोष्टी बघ: पिशवी मागे कललेली आहे असं कुठे लिहिलंय का, आणि 'स्कार'बद्दल एक ओळ तरी आहे का.

आणि नवऱ्याच्या तपासणीशिवाय आययूआय? आययूआयमध्ये वापरायचं तेच तर आहे. पाच वर्षांपूर्वी मूल झालं याचा अर्थ पाच वर्षांपूर्वी ठीक होतं, इतकाच.

मृद्गंधा

माझंही पहिलं असंच सहज राहिलं होतं, दुसरं राहीना. पण माझं कारण वेगळं निघालं. मधे एकदा गर्भपात होऊन पिशवी साफ केली होती, त्यानंतर आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या होत्या. माझी पाळी उलट खूपच कमी झाली होती, दीड दिवसात संपायची. दुर्बीण घालून ते सोडवलं. तेव्हा तूही आधी हिस्टेरोस्कोपीच करून घे, त्यात सगळं दिसतं.

प्रोबवाली

मृद्गंधा, तुझ्या बाबतीत दुर्बीण योग्यच होती. हिची पाळी कमी झालेली नाही, म्हणून मी आधी सलाइन घालून सोनोग्राफी सुचवेन. पाळीचा स्राव थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आत करतात. बारीक नळीतून थोडं सलाइन आत सोडलं की खळगा फुगतो आणि मोजता येतो. साध्या सोनोग्राफीत निसटलेला खळगाही त्यात सापडतो. दुर्बिणीतून खळगा दिसतो, पण त्याच्या मागे भिंत किती जाड उरलीय ते दिसत नाही, आणि पुढचं सगळं त्या जाडीवर ठरतं.

पिंगळवेळ

जुन्या रिपोर्टमध्ये 'पिशवी मागे कललेली' असं खरंच आहे. टाक्यांबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन सलाइनची सोनोग्राफी करायला सांगते. नवऱ्याशीही बोलते, तो जरा अवघड भाग आहे.

पिंगळवेळ (काही आठवड्यांनी)

दोन्ही झालं. सोनोग्राफी: टाक्यांच्या जागी निश, खोली ६ मिमी, मागे उरलेली भिंत ४.१ मिमी, पिशवीत थोडं पाणी. करणाऱ्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, पिशवीच्या तोंडाच्या जरा वर काळा त्रिकोण होता. एवढे महिने हाच 'हार्मोनल' होता तर.

नवऱ्याचा रिपोर्ट: प्रमाण मिलीमागे २२ दशलक्ष, पण हालचाल करणारे फक्त ३४ टक्के. तो एकदम गप्प झालाय. तपासणीच्या महिनाभर आधी त्याला चांगलाच ताप येऊन गेला होता, त्याचा परिणाम असेल का?

डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने दुरुस्ती करू. करावी का?

प्रोबवाली

आधी नवऱ्याचं. २२ दशलक्ष ठीक आहे, खालची मर्यादा १६ धरतात. हालचाल ४२ टक्क्यांच्या वर असायला हवी होती, ती कमी आहे. पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे महिनाभरापूर्वीचा ताप या रिपोर्टमध्ये नक्की उतरू शकतो. तापानंतर तीन महिने झाले की पुन्हा करा, आधी दोन ते सात दिवस संबंध न ठेवता. नमुना घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत पोचला पाहिजे आणि वाटेत गार पडू द्यायचा नाही. आणि त्याला सांग, ३४ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

आता ऑपरेशन. उरलेली भिंत साधारण ३ मिमीपेक्षा जाड असेल तरच योनीमार्गे दुर्बिणीने करतात, कारण पलीकडे लगेच मूत्राशय असतं. तुझी ४.१ आहे, म्हणजे ते शक्य आहे. यात खळग्याचा खालचा काठ तासतात, म्हणजे रक्त साठून न राहता वाहून जातं. भिंत त्याने जाड होत नाही. भिंत नव्याने शिवायची तर पोटातून लॅप्रोस्कोपीने करावं लागतं, ते मोठं काम आहे आणि त्यानंतर सहाएक महिने थांबायला सांगतात.

डाग कमी होतात याला चांगला पुरावा आहे. दिवस राहण्याची शक्यता किती वाढते, याला तितका भक्कम नाही. खळगा असूनही कित्येकींना आपोआप राहतं, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पिशवीत पाणी दिसत असेल तर मात्र बरेच डॉक्टर दुरुस्तीकडे झुकतात. तुझ्या डॉक्टरांना नेमकं विचार: पाणी अंडं फुटायच्या वेळीही दिसतंय का? नसेल तर घाई कशाला, असेल तर का नाही.

दत्तूकाका

म्हणजे शेवटी आयव्हीएफच ना? त्यात गर्भ थेट आत सोडतात, खळग्याचा प्रश्नच येत नाही.

प्रोबवाली

येतो ना काका. गर्भ सोडायच्या दिवशी पिशवीत पाणी दिसलं तर बऱ्याचदा तो महिना सोडून देतात आणि गर्भ गोठवून ठेवतात. खळगा आयव्हीएफलाही सोडत नाही.

शांतनू_एम

एक वेगळा मुद्दा. वय ३६ आहे, मग ऑपरेशन, विश्रांती, फेरतपासणी यात वर्ष जायचं. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला आधी अंडी काढून गर्भ गोठवले आणि मग बायकोचं ऑपरेशन केलं. खर्च आणि त्रास दोन्ही जास्त, पण घड्याळ थांबलं. सगळ्यांनाच लागू होईल असं नाही.

प्रोबवाली

हा मार्गही काही जण घेतात. पण तिची अंडी वेळेवर फुटतायत आणि दुर्बिणीच्या दुरुस्तीनंतर फार थांबायला लागत नाही, त्यामुळे मी असते तर आधी नवऱ्याचा दुसरा रिपोर्ट हातात घेतला असता. तो पुन्हा खराब आला तर तुमचं म्हणणं जड होतं.

पिंगळवेळ, ऑपरेशन कर किंवा नको करूस, पण दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यातच योनीमार्गे सोनोग्राफी करून घे. गर्भ चुकून त्या टाक्यांच्या खळग्यातच रुजला तर ते धोक्याचं असतं आणि लवकर कळणं फार महत्त्वाचं असतं. सोनोग्राफी करणाऱ्याला जुन्या सिझरचं आणि निशचं आपणहून सांग.

पिंगळवेळ

हे कुणीच सांगितलं नव्हतं, लिहून ठेवलं. पाण्याचं विचारायला या महिन्यात बाराव्या-तेराव्या दिवशी पुन्हा स्कॅनला जाणार आहे. नवऱ्याच्या दुसऱ्या रिपोर्टला अजून दोन महिने आहेत. तोवर ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवावी की नाही, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. निशची दुरुस्ती केलेलं कुणी इथे असेल तर डाग थांबायला किती पाळ्या गेल्या ते सांगा.