सल्ला हवा: आयपीओच्या प्रॉस्पेक्टसमध्ये मोठं गिऱ्हाईक सुटल्याचं सांगितलंच नाही, आता काय करू?

मिरजेचा_सचिन
नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२५ मध्ये एका एसएमई आयपीओत मला दोन लॉट लागले. लॉट १,२०० शेअरचा आणि भाव १०४, म्हणजे २,४९,६०० रुपये गेले. लिस्टिंगच्या दिवशी उत्साहात आणखी एक लॉट बाजारातून ११८ ला घेतला. आज भाव ६१ आहे.

भाव पडतो हे मला कळतं. माझं दुखणं वेगळं आहे. प्रॉस्पेक्टसवर ११ ऑगस्टची तारीख आहे. त्यात मोठ्या गिऱ्हाइकांचा तक्ता आहे आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडून ३८ टक्के विक्री येते असं लिहिलंय. जोखमींच्या प्रकरणात वाक्य आहे की मोठ्या गिऱ्हाइकाने करार संपवला तर धंद्यावर परिणाम होऊ शकतो. नोव्हेंबरमध्ये सहामाही निकाल आला, त्याच्या खाली टीप क्रमांक ७: याच गिऱ्हाइकाने ९ जुलैच्या पत्राने करार संपवला. म्हणजे "संपवला तर" असं छापलं तेव्हा करार संपून महिना झाला होता.

खर्चाला जास्तीत जास्त १५,००० रुपये काढू शकतो. कोर्टात दहा वर्षं घालवायची ताकद नाही. तक्रार कुठे करू? आणि शेअर ठेवू की विकू?

निनाद_ठाणे
मी सुरुवातीपासून सांगतोय, एसएमईच्या नादाला लागू नका. मी २०२३ पासून एकाही एसएमईत अर्ज भरलेला नाही आणि शांत झोपतो. तुम्ही मुंबईतला चांगला वकील बघा. माझ्या मेहुण्याने एक केला होता, तारखेला ४० हजार घेतो पण काम पक्कं.

मिरजेचा_सचिन
निनादभाऊ, बजेट १५ हजार आहे, एकूण.

देशमुख_अ
अहो, सरळ सेबीला जबाबदार धरा. सेबीने मंजुरी दिली म्हणून आपण पैसे भरले ना? मग सेबीनेच भरपाई द्यायची. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रॅफिकसोल कंपनीच्या एसएमई आयपीओत सेबीने सगळ्यांचे पैसे परत करायला लावले. तुमचंही तसंच होईल, काळजी नको.

कोल्हापूरची_प्राची
माझी पण हीच कथा. एका मोठ्या कंपनीचा आयपीओ पहिल्याच दिवशी ८ टक्के खाली उघडला. मला कुणी भरपाई दिली नाही. आपल्यासारख्यांचं कुणी ऐकत नाही.

वैशाली_सीएस
मी बावीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून काम केलं, त्यात चार पब्लिक इश्यूंची कागदपत्रं हाताखालून गेली. सचिन, तुमचा मुद्दा खरा आहे. प्राचीताई, तुमचा आणि यांचा मामला वेगळा. नुसता भाव खाली उघडला तर कायदा काही करत नाही. इश्यूच्या दिवशी जे माहीत होतं ते दडवलं, की तिथे कायदा सुरू होतो.

कंपनी कायदा २०१३ चं कलम ३५ बघा. प्रॉस्पेक्टसमधल्या दिशाभूल करणाऱ्या मजकुरावर, किंवा त्यातून गाळलेल्या गोष्टीमुळे दिशाभूल होऊन, ज्याने शेअर घेतले आणि ज्याचं नुकसान झालं, त्याला कंपनी, त्या वेळचे संचालक आणि प्रवर्तक यांच्याकडून भरपाई मागता येते. ऑडिटरसारख्या तज्ज्ञाने आपलं विधान छापायला दिलं असेल तर तोही त्यात येतो. यात त्यांची नियत वाईट होती हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. संचालकाला सुटायचं असेल तर त्याने दाखवायचं की इश्यू निघण्याआधीच संमती मागे घेतली होती, किंवा प्रॉस्पेक्टस त्याच्या नकळत निघाला आणि कळताच त्याने जाहीर नोटीस दिली.

नियत सिद्ध करायची गरज काढून टाकण्यामागे इतिहास आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या एका ट्राम कंपनीने प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलं की आम्हाला वाफेवर गाड्या चालवायचा हक्क आहे. खरं तर त्याला बोर्ड ऑफ ट्रेडची संमती लागत होती, ती मिळाली नाही आणि कंपनी बुडाली. १८८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने संचालकांना सोडलं, कारण त्यांचा स्वतःचा त्या विधानावर विश्वास होता. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून संचालकांवर जबाबदारी टाकली. आपलं कलम त्याच वंशातलं.

देशमुख_अ
पण सेबीच्या मंजुरीचं काय?

वैशाली_सीएस
देशमुखसाहेब, एसएमई इश्यूची कागदपत्रं एक्स्चेंज तपासतं, सेबी त्यावर शेरे देत नाही. मोठ्या इश्यूतही सेबी मजकूर खरा असल्याची हमी देत नाही, प्रॉस्पेक्टसमध्येच तसं ठळक छापलेलं असतं.

ट्रॅफिकसोलमध्ये ४४.८७ कोटींच्या इश्यूपैकी १७.७० कोटी सॉफ्टवेअर खरेदीला दाखवले होते आणि ज्याच्याकडून घ्यायचं तो विक्रेता संशयास्पद निघाला. पण सप्टेंबर २०२४ मध्ये तक्रार झाली तेव्हा लिस्टिंगच थांबवलं गेलं. शेअर बाजारात फिरलेच नाहीत, पैसे बाजूला ठेवलेले होते, म्हणून परत करता आले. सचिनच्या कंपनीचे शेअर चार-पाच महिने हातोहात फिरलेत आणि पैसे खर्ची पडलेत. तशी परतफेड इथे होईल अशी आशा मी देणार नाही.

निनाद_ठाणे
आणि डीएलएफ ही बांधकाम कंपनी विसरलात का? तिथेही प्रॉस्पेक्टसमध्ये माहिती दडवल्याचाच आरोप होता. २००७ चा इश्यू, सेबीचा बंदीचा आदेश २०१४ मध्ये, आणि २०१५ मध्ये अपील लवादाने तो रद्द केला. सात वर्षं थांबून हाती काय? म्हणूनच म्हणतो, वकील तगडा हवा.

सुभाष_गोखले
सचिन, मी तुमच्या जागी असतो तर अजून दोन लॉट ६१ ला घेऊन सरासरी खाली आणली असती. मी एका केमिकल कंपनीत तसं केलं, आज दुप्पट आहे.

वैशाली_सीएस
गोखलेकाका, कृपया त्यांना असं सांगू नका. ३८ टक्के विक्री गेलेल्या कंपनीत सरासरी करणं एक गोष्ट, आणि सगळं कळल्यावर पुन्हा खरेदी करून आपलाच दावा दुबळा करणं दुसरी.

सचिन, आधी एक काम करा. प्रॉस्पेक्टसची पीडीएफ आजच उतरवून ठेवा, निकालाचीही. मग एक्स्चेंजच्या साइटवर बघा की इश्यू बंद होण्याआधी काही दुरुस्तीपत्र किंवा जाहिरात निघाली होती का. गिऱ्हाईक गेल्याचं त्यात सांगितलं असेल तर तुमचं प्रकरण तिथेच संपतं.

मिरजेचा_सचिन
बघितलं ताई. एकच दुरुस्तीपत्र आहे, १३ ऑगस्टचं. त्यात एका संचालकाचा पत्ता सुधारलाय. गिऱ्हाइकाबद्दल शब्द नाही. पत्ता सुधारायला वेळ मिळाला, ३८ टक्के विक्री गेल्याचं सांगायला मिळाला नाही. वाचून रात्री जेवण गेलं नाही.

वैशाली_सीएस
मग मुद्दा मजबूत आहे. पण ते कदाचित म्हणतील की पत्र मिळालंच उशिरा, किंवा बोलणी चालू होती म्हणून करार संपला असं मानलं नाही. म्हणून पत्र कंपनीत कोणत्या तारखेला पोचलं हा तुमचा पहिला प्रश्न हवा.

आता तिसरा लॉट. कलम ३५ इश्यूत शेअर घेणाऱ्यासाठी आहे. लिस्टिंगनंतर बाजारातून घेतलेले शेअर तुम्ही कुण्या अनोळखी माणसाकडून घेतले, कंपनीकडून नाही. त्यामुळे आपल्या दाव्यातून ते १,२०० बाजूला ठेवा. २,४०० वर शेअरमागे ४३, म्हणजे १,०३,२०० रुपये कमी झालेत. तेवढेही सगळे मिळतील असं नाही. बाजार एकूण घसरला असेल तर तो भाग कंपनीच्या माथी मारता येत नाही. अर्ज भरताना खरं कळलं असतं तर त्या शेअरची किंमत किती असती, तिथून हिशोब होतो.

देशमुख_अ
पण गुन्हा तर आहेच ना? आर्थिक गुन्हे शाखेत जा, संचालक आत गेले की पैसे आपोआप बाहेर येतात.

वैशाली_सीएस
खोट्या प्रॉस्पेक्टससाठी शिक्षा आहे, ती कडकही आहे. पण संचालकाला तुरुंग झाला म्हणून सचिनच्या खात्यात रुपया येत नाही. आधी नोंद होणं महत्त्वाचं. कंपनीच्या कंपनी सेक्रेटरीला लेखी तक्रार करा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर scores.sebi.gov.in वर, म्हणजे सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जा. तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करायची असते, म्हणून रेंगाळू नका. खर्च शून्य. स्कोअर्स तुम्हाला भरपाई मिळवून देईलच असं नाही, पण त्यांचं उत्तर लेखी हातात येतं आणि एकाच कंपनीवर पन्नास तक्रारी आल्या तर सेबीचं लक्ष जातं.

विकण्याआधी एक विचार करा. फसवून केलेला व्यवहार रद्द करून सगळे पैसे परत मागायचाही हक्क असतो, पण त्यासाठी शेअर हातात हवेत आणि कळल्यावर लगेच हालचाल हवी. शेअर विकले की तो मार्ग बंद. भरपाईचा मात्र विकूनही उरतो.

निनाद_ठाणे
मग त्यांनी बाजारातले १,२०० विकावेत आणि आयपीओचे २,४०० ठेवावेत. सोपं आहे.

सुभाष_गोखले
सोपं नाही. एकाच डीमॅटमध्ये आहेत ना? आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात. १,२०० विकले की आयपीओतलेच गेले.

निनाद_ठाणे
ते कराच्या हिशोबाला. रद्द करायच्या दाव्यात तसंच धरायला कोर्ट काही आयकर खातं नाही.

वैशाली_सीएस
कराच्या बाबतीत काका बरोबर आहेत. दाव्यात कोर्ट कसं धरेल, यावर मी पैज लावणार नाही.

कोल्हापूरची_प्राची
मला अजूनही वाटतं की छोट्या माणसाने लढू नये. माझ्या त्या आयपीओचे शेअर अजून पडून आहेत.

मिरजेचा_सचिन
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून विचार केला. सगळे ३,६०० शेअर सोमवारी विकतोय. वैशालीताई, तुमचं बरोबर आहे की रद्द करायचा मार्ग त्याने जाईल, पण जूनमध्ये मुलीची होस्टेलची फी आहे आणि ही कंपनी जूनपर्यंत ६१ वर टिकेल यावर माझा भरवसा उरला नाही. भरपाईची तक्रार मात्र करणार. पत्र लिहून ठेवलंय. पहिलंच वाक्य आहे: "९ जुलैचं पत्र आपल्या कार्यालयात कोणत्या तारखेला मिळालं, ते कळवावं."

वैशाली_सीएस
चालेल. वाटपाची सूचना, बँकेत पैसे अडकवल्याची नोंद आणि विक्रीची कॉन्ट्रॅक्ट नोट एका फायलीत लावा. आणि पत्र रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. नुसत्या ईमेलवर थांबू नका.

सुभाष_गोखले
सोमवारी नका विकू, बुधवारपर्यंत थांबा. माझ्या मते उसळी येईल.