मदत हवी आहे: राउंड रॉबिनच्या टेबलात सरासरी वेटिंग टाइम ३.३३ की ४?

सायली_एसवाय: ओएसच्या प्रॅक्टिकलचं गणित आहे. क्वांटम २.

```
प्रोसेस  अरायव्हल  बर्स्ट
P1        0        5
P2        1        3
P3        2        1
```

मी हाताने सोडवलं तर सरासरी वेटिंग टाइम ३.३३ येतो. पार्टनरचा सी प्रोग्राम ४ दाखवतो. P1 आणि P2 ची उत्तरं दोघांची सारखीच आहेत, फक्त P3 वेगळा. उद्या जर्नल सबमिट करायचंय, बरोबर कोणतं?

बॅकबेंचर: सोप्पं आहे. प्रोसेस पहिल्यांदा सीपीयूवर आली ती वेळ वजा अरायव्हल. P1 शून्यालाच सुरू झाली, म्हणजे तिचं वेटिंग शून्य. दोघांचंही चुकलंय.

जुना_खेळाडू: हे एफसीएफएसमध्ये चालतं, कारण तिथे प्रोसेस एकदा बसली की संपेपर्यंत उठत नाही. इथे P1 मध्येच उठते. ती ९ ला संपते आणि तिचं काम ५ चं, मग उरलेले ४ कुठे गेले? रांगेतच ना! संपण्याच्या वेळेतून अरायव्हल वजा केलं की टर्नअराउंड, त्यातून बर्स्ट वजा केलं की वेटिंग. तू काढतोयस तो रिस्पॉन्स टाइम.

सायली, घोळ २ या वेळेवर आहे. त्याच क्षणी P1 चा क्वांटम संपतो आणि P3 येते. आधी रांगेत कोण? नवीन आलेली आधी धरली तर रांग P2, P3, P1 अशी लागते आणि चार्ट असा होतो:

```
P1  P2  P3  P1  P2  P1
0   2   4   5   7   8   9
```

P3 ५ ला संपते. टर्नअराउंड ३, वेटिंग २. बाकी दोघींचं वेटिंग ४-४, म्हणून १० भागिले ३. P1 ला आधी रांगेत टाकलं तर ती ४ ते ६ चालते, P3 ७ ला संपते आणि तिचंही वेटिंग ४ होतं. पार्टनरच्या लूपमध्ये या दोन ओळी उलट्या असणार:

```c
admit(t);                /* t पर्यंत आलेल्या */
if (rem[p] > 0) push(p);
```

नाशिककर_कोडर: माझ्या एसजेएफमध्ये वेटिंग मायनसमध्ये येतंय, तेही यामुळेच का?

जुना_खेळाडू: नाही रे, इथे रांगेच्या क्रमाचा प्रश्न आहे. तुझा प्रोग्राम बहुतेक अजून न आलेली प्रोसेसही निवडतोय. अरायव्हल तपासतोस का बघ. वेगळा धागा काढ, कोड टाक.

सायली_एसवाय: ओळी खरंच उलट्या होत्या! बदलल्यावर ३.३३ आलं. पण मग ४ चूक धरायचं का?

जुना_खेळाडू: चूक नाही म्हणता येणार. नवीन आधी ही पद्धत जास्त दिसते, एवढंच. चार्टच्या वर एक ओळ लिही: 'एकाच वेळी आल्यास नवीन प्रोसेस आधी.'

बॅकबेंचर: आमच्या मॅडम जुनी आधी घेतात आणि ती ओळ लिहिली तरी मार्क कापतात.

सायली_एसवाय: मग सकाळी लॅबमध्ये आधी विचारते, पेनाने नंतर लिहिते.