रातोरात साडेतीनशे सबस्क्रायबर गेले: माणसं गेली का नुसता आकडा?

जिंतूरचा_बाजारभाव
सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या भावाचं यूट्यूब चॅनल आहे माझं. सोमवारी रात्री यूट्यूब स्टुडिओत 10,312 सबस्क्रायबर होते, गुरुवारी सकाळी 9,948. व्हिडिओ रोजच्यासारखेच टाकायलो, कुणाशी वाद नाही की वाकडं बोलणं नाही. एका बियाणे दुकानदारासोबत 'दहा हजार आहेत' या बोलीवर जाहिरातीचं ठरलं होतं, तो आता मागं सरायलाय. स्पॅम आणि बंद खात्यांची सफाई झाली म्हणतात. मला तर हा सरळ अन्याय वाटतो. न विचारता माणसं कापली. तुमचं काय मत?

धाराशिवकर
अन्याय कशाचा? डिसेंबर 2023 पासून गुगल दोन वर्षं न वापरलेली सगळी खाती उडवायलंय. खातं गेलं की त्याचं सबस्क्रिप्शन गेलं. मेलेल्या माणसाचं नाव मतदार यादीतून काढलं म्हणून उमेदवारानं रडायचं असतं का? नशीब समज, हजाराच्या खाली गेला असतास तर त्याच दिवशी पैसे बंद झाले असते.

सुनंदाताई_अंबाजोगाई
मेलेल्याचं नाव काढताना तलाठीसुद्धा पंचनामा करतो हो. माझं रेसिपीचं चॅनल आहे. मागं असेच दोनशे गेले, तेव्हा आठ दिवस मला वाटत होतं की शेंगदाण्याच्या चटणीच्या व्हिडिओत कायतरी चुकलं. तो व्हिडिओ काढून टाकला मी, चांगला चाललेला! सफाई करा, पण 'इतके या कारणानं काढले' अशी एक ओळ पाठवायला काय जातंय? दादाचं बरोबर आहे.

लातूरचे_सर
सुनंदाताई, ती ओळ आहे, फक्त कुणी पाठवत नाही, आपण उघडून बघायची असते. स्टुडिओत अॅनालिटिक्समध्ये जा, तिथून Advanced mode, आणि Subscription source निवडा. लोक कुठून सबस्क्राईब झाले त्याची यादी येते. त्यातच `Closed accounts` असं एक नाव दिसतं आणि त्याच्यापुढचा आकडा वजा असतो. ज्यांनी स्वतः खातं बंद केलं किंवा ज्यांचं यूट्यूबनं नियम मोडले म्हणून बंद केलं, ते सगळे तिथं. तुमच्या चटणीवर रागावून गेलेली माणसं त्यात नसतात. ती वेगळी मोजली जातात.

धाराशिवकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. सगळी खाती एका रात्रीत गेली नाहीत, टप्प्याटप्प्यानं चाललंय, आणि नियम वैयक्तिक खात्यांना आहे, कंपनी किंवा शाळेच्या खात्यांना नाही. नियम जाहीर करतानाच गुगलनं सांगितलं होतं की ज्या खात्यावर यूट्यूबचे व्हिडिओ आहेत ती काढायचा विचार सध्या नाही. म्हणजे जातात ती नुसती बघणाऱ्यांची खाती. आपल्या चॅनलवर तीच तर जास्त असतात.

पैशाचं म्हणाल, तर हजाराची अट जाहिरातीच्या कमाईत शिरताना असते. आत असलेल्या माणसाचा आकडा घसरला म्हणून आपोआप बाहेर काढत नाहीत. डिसेंबर 2018 च्या स्पॅम सफाईत मात्र यूट्यूबनं उघड सांगितलं होतं, की जे स्पॅम काढल्यावर हजाराच्या खाली येतील ते बाहेर, खरे लोक जमवा आणि परत अर्ज करा. तुम्ही बहुतेक तेच ऐकलंय.

जिंतूरकर, ती यादी उघडून सोमवार ते गुरुवारचे आकडे इथं टाका. घाई करू नका, हे आकडे दोन दिवस मागं असतात.

मोबाईलवाला_सेलू
मी जरा कबुली देतो. माझं मोबाईलचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. गिऱ्हाईक नवा फोन घेतं, जीमेल पाहिजे म्हणतं. आधीचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. मग मी नवीन आयडी काढतो, पासवर्ड डब्याच्या झाकणावर लिहून देतो. तो डबा सणासुदीच्या साफसफाईत चुलीत जातो. वर्षा-दीड वर्षानं पोरगं खेळता खेळता फोन रिसेट करतं, गुगल लॉक लागतं, फोन परत माझ्याकडं. लॉक काढून दे, नवीन आयडी काढ. एकेका म्हाताऱ्याचे चार-चार आयडी मी काढलेत. त्यातला चालू एकच, बाकी तीन तसेच पडून.

आता खरी गंमत. आमच्या गावच्या कीर्तनाचं चॅनल आहे. फोन हातात द्यायच्या आधी मी त्यावरून ते सबस्क्राईब करून द्यायचो. धर्मकार्य म्हणून! त्या चॅनलचे मागच्या वर्षी एकदम सातशे गेले. महाराजांना वाटलं कुणी करणी केली.

सुनंदाताई_अंबाजोगाई
अगं बाई! म्हणजे माझ्या दोनशेमधले किती जण झाकणावरचे असतील देव जाणे. पण भाऊ, ते म्हातारे खरे होते ना? कीर्तन तर ऐकतच होते.

मोबाईलवाला_सेलू
ऐकत होते, पण नव्या आयडीवरून. जुन्यावर आता कोण आहे?

परळीचा_पप्पू
माझं पण असंच झालंय सर. 12.3K वर आठ दिवस झाले, आकडा हलतच नाही. रोज पाच-दहा नवीन येतायत असं स्टुडिओ म्हणतं. सफाईवाल्यांनी माझं चॅनल गोठवलंय का? कुठं तक्रार करायची?

लातूरचे_सर
पप्पू, तुमची सफाई झालेली नाही. 2019 पासून हजाराच्या वरच्या चॅनलचा बाहेर दिसणारा आकडा तीनच अंकांचा असतो आणि तो खालच्या बाजूला कापून दाखवतात. 12,305 असले तरी 12.3K आणि 12,395 असले तरी 12.3K. बारा हजार चारशे झाले की हलेल. खरा आकडा स्टुडिओतच बघत जा.

जिंतूरकरांचा धक्का मोठा वाटला त्यातही थोडा हाच भाग आहे. बाहेर 10.3K दिसत होतं, ते 9.94K झालं. दहाचं नऊ दिसलं की साडेतीनशेचा घाव हजाराचा वाटतो.

जिंतूरचा_बाजारभाव
सर, रविवारी बसून काढलं. सोमवार रात्र ते गुरुवार सकाळ: नवीन आलेले 61. लोकांनी स्वतःहून काढलेलं 22. `Closed accounts` पुढं वजा 301.

लातूरचे_सर
मांडू या. 10,312 मध्ये 61 मिळवले, 22 वजा केले, की 10,351. खऱ्या माणसांचा हिशोब केला तर तुम्ही वर चालला होता, 39 नं. त्यातून बंद खात्यांचे 301 गेले की 10,050. म्हणजे नुसत्या बंद खात्यांनी तुम्हाला दहा हजारांच्या खाली नेलं नसतं. पण तुमच्याकडं 9,948 आहेत. 102 अजून कुठं गेले?

आकडे उशिरा येतात म्हणून पाच-दहाचा फरक मी सोडून देईन. शंभराचा नाही. हे बहुतेक स्पॅम म्हणून काढलेले आहेत. स्पॅममध्ये खातं जिवंत असू शकतं, पण ते सबस्क्रिप्शन विकतचं किंवा यंत्रानं केलेलं आहे असं यूट्यूबला वाटतं, आणि ते मोजणीतून जातं. राग येऊ देऊ नका, पण विचारतो: सुरुवातीला काही केलं होतं का?

जिंतूरचा_बाजारभाव
खोटं बोलत नाही. पहिल्या वर्षी टेलिग्रामवर एकानं 400 रुपयांत दोनशे देतो म्हणून दिले होते. रात्रीत वाढले होते. पण ते दोनशे होते सर, 102 नाही. आणि त्याच्याआधी व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये 'तू माझं कर, मी तुझं करतो, स्क्रीनशॉट टाक' असंही केलं होतं. ती तर खरी माणसं होती, बीड-परभणीचीच.

धाराशिवकर
बघा! हा अन्याय म्हणून ओरडत होता. विकत घेतलेले गेले, चोराच्या मनात चांदणं.

सुनंदाताई_अंबाजोगाई
धाराशिवकर, 301 तर बंद खात्यांचे आहेत, ते त्यानं विकत घेतले होते का? त्या 102 बद्दल बोला, सगळ्यालाच एका माळेत ओवू नका. आणि ग्रुपमधली माणसं खरी असतील तर त्यांना स्पॅम कसं म्हणणार?

लातूरचे_सर
तेच तर बाहेरून ठरवता येत नाही. विकत घेतलेल्या दोनशेमधली निम्मी खाती आधीच टप्प्यानं गेली असतील, आणि तेव्हा नवीन येणाऱ्यांच्या भरतीत ते तुम्हाला दिसलं नसेल. काही तर `Closed accounts` मध्येच बसली असतील, कारण अशी खाती यूट्यूब बंदही करतं. ग्रुपवाल्यांचं म्हणाल, तर माणूस खरा असला तरी एकमेकांच्या चॅनलवर बटण दाबायचा सौदा यूट्यूबच्या नियमात बसत नाही. ती 102 मध्ये धरली असतील का, मी सांगू शकत नाही, यूट्यूब नावं देत नाही. सुनंदाताईंची तक्रार इथं मला पटते. बंद खात्यांचा आकडा देतात, तसा स्पॅमचाही द्यायला काय हरकत आहे?

धाराशिवकर
आकडा दिला की विकणारा तो बघून शिकतो, कुठली खाती पकडली आणि कुठली सुटली. म्हणून देत नसतील.

सुनंदाताई_अंबाजोगाई
नावं नकोत हो, नुसता आकडा. आकड्यानं काय शिकणार तो?

लातूरचे_सर
खूप शिकेल, ताई. हजार विकले आणि चाळीसच पकडले हे कळलं तर त्याला पद्धत बदलायची गरज नाही, आठशे पकडले तर आहे. तरी ज्याचं चॅनल आहे त्याला काहीच सांगू नये हे मला जड जातं. यावर आपलं जमणार नाही, राहू द्या.

जिंतूरकर, एक गोष्ट बघितली का? रोजच्या व्हिडिओचे व्ह्यूज त्या आठवड्यात पडले का?

जिंतूरचा_बाजारभाव
नाही सर. आधीही सकाळच्या भावाच्या व्हिडिओला दुपारपर्यंत दोन-सव्वादोन हजार व्हायचे, आताही तेवढेच. शुक्रवारी तर जास्त झाले, तुरीचा भाव हलला म्हणून.

लातूरचे_सर
मग दुकानदाराला ते दाखवा. अॅनालिटिक्समध्ये शहरानुसार बघणारे निघतात, 28 दिवसांचे घ्या. त्याचं बियाणं जिंतूर-परभणीत विकायचंय, झाकणावरच्या आयडीला नाही. व्ह्यूज पडले असते तर मी म्हटलं असतं की माणसं गेली. पडले नाहीत.

जिंतूरचा_बाजारभाव
दाखवलं सर, काल दुकानात जाऊन. मोबाईल हातात घेतला, खाली-वर केलं, म्हणाला "हे सगळं ठीक आहे, पण वर ते दहा दिसलं पाहिजे, मालकाला फोटो पाठवायचाय." आज 9,981 आहेत.

मोबाईलवाला_सेलू
एकोणीसच पाहिजेत ना? आज दुकानात सहा फोन आलेत. सांग.

जिंतूरचा_बाजारभाव
नको भौ. आठवडाभरात येतील.